बीपी १२० च्या खाली: एकाच शोधनिबंधाचा सारांश डॉक्टरसाठी आणि पेशंटसाठी

बीपीची गोळी रोज घेणारा निपाणीतला निवृत्त शिक्षक आणि रोज वीस-पंचवीस जणांचा बीपी मोजणारा बेळगावचा डॉक्टर, हे दोघेही एकाच शोधनिबंधाचा सारांश वाचू शकतात. दोघांतला नेमका कोण वाचतो आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. अशा वेळी बहुतेक जण मधला मार्ग काढतात. थोडे तांत्रिक शब्द आणि थोडी सोपी भाषा घालून मिसळ करतात. ती शिक्षकाला कळत नाही आणि डॉक्टरला पुरत नाही. यावर उपाय आहे, आणि तो एका खऱ्या शोधनिबंधावरून बघितला तर चटकन लक्षात येतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘स्प्रिंट’ या अमेरिकी चाचणीचा निकाल छापून आला. प्रश्न साधा होता: वरचा बीपी १४० च्या खाली ठेवणं पुरेसं आहे, की औषधं वाढवून तो १२० च्या खाली आणावा? ९,३६१ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. मध्यक काढला तर पाठपुरावा ३.२६ वर्षांचा झाला. फायदा स्पष्ट दिसू लागल्यामुळे ठरलेल्या मुदतीआधीच बीपीचे उपचार थांबवले गेले.

या निकालाचा सर्वांत सोपा सारांश असा होतो: ‘बीपी १२० च्या खाली ठेवा, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका २५ टक्क्यांनी घटतो.’ वाचायला सुटसुटीत आहे, पण दोन्ही वाचकांना फसवणारा आहे.

आधी शिक्षकाचं बघू. ‘२५ टक्के’ वाचून त्याला वाटतं की शंभरातले पंचवीस जण वाचले. प्रत्यक्षात मोजल्या जाणाऱ्या घटना नेहमीच्या गटात ४,६८३ पैकी ३१९ जणांना आणि कडक गटात ४,६७८ पैकी २४३ जणांना झाल्या. म्हणजे हजारात ६८ विरुद्ध ५२. फरक सोळाचा. उरलेल्या ९८४ जणांना या हिशेबात फरक पडला नाही. २५ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो कशाच्या २५ टक्के हे सांगितल्याशिवाय सामान्य वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

आता डॉक्टरचं. त्याची अडचण वेगळी आहे. मोजलेली गोष्ट एकच नव्हती. हार्ट अटॅक, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा दुसरा तातडीचा त्रास, पक्षाघात, हार्ट फेल्युअर आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, या पाचांची ती मोट होती. सुटं करून बघितलं तर ठळक घट हार्ट फेल्युअरमध्ये (१०० वरून ६२) आणि अशा मृत्यूंमध्ये (६५ वरून ३७) दिसते. हार्ट अटॅक ११६ वरून ९७ आणि पक्षाघात ७० वरून ६२ झाले, पण हे फरक योगायोगानेही पडू शकतील इतके लहान होते. म्हणजे सोप्या सारांशाने नेमके तेच दोन आजार उचलले, ज्यांच्याबद्दल पुरावा कमजोर होता. सोपं करण्याच्या नादात चूक घुसते ती बहुधा अशीच: अवघड शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द येतो आणि अर्थ सरकतो.

मग करायचं काय? वाचक कोण ते माहीत नसेल, तर सारांश थरांत लिहावा. पहिला थर असा हवा, की तिथेच वाचन थांबवणाऱ्याचं नुकसान होऊ नये आणि तज्ज्ञालाही त्यात खोटं काही सापडू नये. स्प्रिंटसाठी तो साधारण असा लिहिता येईल:

‘पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या आणि पूर्वी पक्षाघात न झालेल्या लोकांत वरचा बीपी १२० च्या खाली आणल्यावर सव्वातीन वर्षांत हजारामागे सुमारे १६ जणांचे हृदयविकाराचे किंवा पक्षाघाताचे गंभीर प्रसंग टळले. मृत्यूही कमी झाले. पण हजारामागे तेवढ्याच, म्हणजे सुमारे १६ जणांना, मूत्रपिंडाचा अचानक त्रास जास्त झाला. बीपी फार खाली जाणं आणि चक्कर येऊन शुद्ध हरपणं हेही या गटात जास्त दिसलं. स्वतःहून गोळी वाढवू नये.’

इथे मधुमेह आणि पक्षाघाताचा उल्लेख पहिल्याच वाक्यात आहे, तळटीपेत नाही. आपल्याकडे बीपी आणि शुगर एकत्र असणारे घरोघरी आहेत. हा निबंध त्यांच्याबद्दल काही सांगत नाही, आणि ते शिक्षकाला दहाव्या ओळीत कळून उपयोग नाही. डॉक्टरचंही त्याने काही बिघडत नाही, कारण अभ्यासात कोण होते हाच त्याचाही पहिला प्रश्न असतो. दोन सोळांची बरोबरी मात्र ताणू नये. मूत्रपिंडाचा तो त्रास आणि मृत्यू यांचं वजन एक नाही. म्हणून आकडे शेजारी ठेवावेत, वजाबाकी करू नये.

दुसरा थर तज्ज्ञासाठी, आणि तिथे संकोच नको. हॅझार्ड रेशो ०.७५, ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.६४ ते ०.८९, एक प्रसंग टाळण्यासाठी उपचार द्यावे लागणारे रुग्ण ६१, वर्षभरानंतर प्रत्यक्ष गाठलेला सरासरी बीपी १२१.४ विरुद्ध १३६.२, औषधं सरासरी २.८ विरुद्ध १.८, चाचणी मुदतीआधी थांबवली, त्यामुळे फायदा थोडा फुगून दिसण्याची शक्यता. यातला प्रत्येक शब्द सोपा करत बसलं तर परिच्छेद तिप्पट होतो आणि डॉक्टर कंटाळतो. शिक्षकाला इथवर यायची गरजच पडू नये, ते काम पहिल्या थराने केलेलं असतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही थरांत घालावी लागते, ती म्हणजे बीपी कसा मोजला. स्प्रिंटमध्ये पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून यंत्राने आपोआप तीन वेळा मोजून सरासरी काढली जात होती, पुष्कळदा खोलीत दुसरं कोणी नसताना. दवाखान्यात जिना चढून आलेल्या, बोलत बसलेल्या माणसाचा आकडा याहून वर येतो. त्या आकड्यालाच १२० पर्यंत ढकललं, तर औषध गरजेपेक्षा जास्त होतं. पेशंटसाठी हे एका वाक्यात सांगता येतं: ‘अभ्यासातले १२० आणि घाईत मोजलेले १२० एक नव्हेत.’ डॉक्टरसाठी मोजण्याची पूर्ण पद्धत द्यावी.

सारांश जमला की नाही हे ताडून बघायला दोन माणसं लागतात. वैद्यकाशी संबंध नसलेल्या एकाला फक्त पहिला थर वाचायला द्यावा आणि विचारावं, ‘उद्या तुम्ही काय कराल?’ उत्तर ‘गोळी वाढवीन’ असं आलं, तर पहिला थर पुन्हा लिहावा, दुसऱ्याला हात लावून उपयोग नाही. ‘मला शुगर आहे, मग हे माझ्यासाठी आहे का ते डॉक्टरांना विचारीन’ असं आलं, तर काम झालं. जाणकाराला मात्र समजलं का असं विचारू नये, ‘यात चुकीचं काय आहे?’ असं विचारावं. त्याने पहिल्या थरातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवलं, तर ते अवघड करून लिहायची गरज नसते. पुष्कळदा ‘या लोकांत’ किंवा ‘सव्वातीन वर्षांत’ एवढे दोन शब्द परत घातले की पुरतं.