फुलं कुठे आणि केवढी?

नुसतं ‘फुलाफुलांचं कापड’ म्हटलं की दुकानदार दहा ठाण उलगडतो. त्यापेक्षा दोन गोष्टी सांगाव्यात: फूल केवढं आणि ते कापडावर कुठे.

नखाएवढी फुलं चारी दिशांना विखुरलेली असली, तर ती डिट्सी. तिला वर-खाली नसतं, त्यामुळे तुकडे कसेही फिरवून बेतता येतात. बोटॅनिकलमध्ये देठ-पानांसकट अख्खं रोप असतं आणि ते बहुधा एकाच दिशेने वाढतं. पाठ उलटी बेतली, तर रोप डोक्यावर उभं राहतं. मोठ्या, वळणदार वेलींचं चिंट्झ मूळचं आपलंच. कोरोमंडल किनाऱ्यावरून ते युरोपात गेलं. आपल्या ‘चीट’शी त्याचं नातं आहे.

खरी कसोटी बॉर्डर प्रिंटची. फुलं एका काठाशी दाटलेली आणि वर विरळ होत गेलेली. हा काठ कापडाच्या लांबीने धावतो. तो कुर्त्याच्या घेराला हवा, तर कुर्ता आडवा बेतावा लागतो, म्हणजे त्याची उंची पन्ह्यात बसली पाहिजे. पन्हा 44 इंच, कुर्ता 40 इंच, शिलाई-दुमडीला 3 इंच: जमलं. 46 इंची कुर्ता मात्र त्यात बसणार नाही. वर वेगळा योक जोडावा लागेल. घेर सरळच ठेवावा. गोलाई दिली की बाजूंची फुलं कापली जातात, आणि मला तरी ते बघवत नाही.