कोण कोणापेक्षा वेगळं? अ‍ॅनोव्हानंतरचा तक्ता वाचताना

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. कॉम्प्युटरच्या पडद्याचा नाहीतर प्रबंधाच्या छापील पानाचा, जरा तिरपा, एका कोपऱ्यावर ट्यूबलाइटची चमक. वर गटांच्या सरासऱ्या, खाली गटांच्या जोड्या आणि शेवटच्या रकान्यात पी-व्हॅल्यू. सोबत एकच ओळ असते: ‘सर, अ‍ॅनोव्हा सिग्निफिकंट आलाय, आता काय लिहू?’

काय लिहायचं ते फोटोतच असतं, फक्त ते नीट वाचावं लागतं. त्यासाठी सर्वांना उपलब्ध असलेलं एक उदाहरण घेऊ. आर या संख्याशास्त्रीय प्रणालीत `PlantGrowth` नावाची छोटी आकडेवारी आयती मिळते. मूळची ती अ‍ॅनेट डॉब्सन यांच्या १९८३ च्या पुस्तकातली. रोपांचे तीन गट, प्रत्येक गटात १० रोपं. एक गट कंट्रोल, म्हणजे काहीही वेगळं न केलेला, आणि बाकी दोघांना दोन वेगळ्या ट्रीटमेंट. शेवटी रोपं वाळवून वजन केलं. सरासरी वजन कंट्रोलचं ५.०३२, पहिल्या ट्रीटमेंटचं ४.६६१ आणि दुसरीचं ५.५२६. (वजन कशात मोजलं, रोप कसलं होतं, याचा नोंदीत उल्लेख नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकांना ही जुनी खोडच आहे.)

अ‍ॅनोव्हा या तीन सरासऱ्यांमधला फरक आणि एकेका गटातल्या रोपारोपांमधला फरक यांची तुलना करतो. इथे त्याचं उत्तर आलं एफ बरोबर ४.८५ आणि पी बरोबर ०.०१६. म्हणजे तिन्ही ठिकाणची खरी सरासरी एकच असती, तर सरासऱ्या निव्वळ योगायोगाने इतक्या किंवा याहून जास्त विखुरण्याची वेळ हजारात सोळादा आली असती. तिन्ही सारखे आहेत हे गृहीत टिकत नाही, एवढंच अ‍ॅनोव्हा सांगतो. वेगळा कोण, हे तो सांगत नाही. ‘दोन्ही ट्रीटमेंट कंट्रोलपेक्षा सरस’ असा निष्कर्ष एवढ्यावर लिहिणारे भेटतात. इथे तर पहिल्या ट्रीटमेंटची सरासरी कंट्रोलच्याही खाली आहे.

म्हणून जोड्या लावायच्या. तीन गटांच्या तीन जोड्या होतात. फोटोतला खालचा भाग असा दिसतो:

```
            diff     lwr     upr   p adj
trt1-ctrl -0.371  -1.062   0.320  0.3909
trt2-ctrl  0.494  -0.197   1.185  0.1980
trt2-trt1  0.865   0.174   1.556  0.0120
```

पहिला रकाना दोन सरासऱ्यांमधला फरक. पुढचे दोन त्या फरकाच्या ९५ टक्के विश्वास-अंतराची खालची आणि वरची हद्द. शेवटचा `p adj`, म्हणजे समायोजित पी-व्हॅल्यू.

समायोजन कशासाठी, ते पाहू. एकाच जोडीची परीक्षा घेतली आणि पाच टक्क्यांचा नियम लावला, तर खरा फरक नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता पाच टक्के असते. तीन जोड्या तपासल्या की तीनदा फसण्याची संधी मिळते. तिन्ही खऱ्या सरासऱ्या सारख्या असतील, तर एकातरी जोडीत खोटा फरक दिसण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास जाते. दहा गट असले तर जोड्या होतात ४५ आणि ही शक्यता साठ टक्क्यांच्या घरात पोहोचते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९५३ मधल्या आपल्या टिपणात या प्रश्नाचा छडा लावला. सगळ्या जोड्या मिळून चुकीची एकूण शक्यता पाच टक्क्यांतच राहावी, अशी त्यांची पद्धत बेतलेली आहे. वरचा तक्ता ट्यूकींच्याच पद्धतीचा आहे. समायोजन केलं नसतं तर शेवटच्या जोडीची पी ०.०१२० ऐवजी ०.००४५ आली असती आणि मधल्या जोडीची ०.१९८ ऐवजी ०.०८८.

इथे फोटोमुळे होणारा पहिला घोटाळा. रकान्याचं डोकं फोटोत आलेलं नसलं, तर समोरची पी समायोजित आहे की साधी, हे कळत नाही. मग कुणीतरी काळजीपोटी ती पुन्हा तीनने गुणतो आणि ०.०१२ चं ०.०३६ करतो. हे दुहेरी समायोजन झालं. उलट चूकही होते, साधी पी समायोजित समजून लिहिली जाते. एक खूण उपयोगी पडते: तक्त्यात बऱ्याच ठिकाणी नेमकं १.००० दिसत असेल, तर बहुधा बॉन्फेरोनींची पद्धत वापरलेली असते. तिच्यात साध्या पीला जोड्यांच्या संख्येने गुणतात आणि गुणाकार एकच्या वर गेला की एक लिहितात. आपल्या तक्त्याला ती लावली असती, तर तीन पी अनुक्रमे ०.५८३, ०.२६३ आणि ०.०१३ आल्या असत्या. निर्णय तोच राहतो, आकडे बदलतात. म्हणूनच पद्धतीचं नाव लिहिल्याशिवाय समायोजित पी देणं अर्धवट आहे.

दुसरा घोटाळा डोळ्यांचा. अंधूक फोटोत वजा चिन्ह पुसलं जातं, दशांश चिन्हानंतरचं शून्य निसटतं. पण हा तक्ता स्वतःच स्वतःची साक्ष काढतो, कारण त्यातले आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. समजा, मधल्या ओळीतलं वजा चिन्ह दिसलं नाही आणि आपण अंतर ०.१९७ ते १.१८५ असं वाचलं. ट्यूकींच्या अंतराचा मध्य नेहमी फरकावर पडतो. इथे मध्य येतो ०.६९१ आणि फरक लिहिलाय ०.४९४. जुळत नाही. शिवाय तिन्ही गटांत रोपं सारखीच असल्याने तिन्ही अंतरांची रुंदी एकच हवी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ती १.३८२ आहे आणि आपल्या चुकीच्या वाचनात ०.९८८. वजा चिन्ह परत घातलं की मध्य आणि रुंदी दोन्ही जागच्या जागी बसतात.

पीचीही अशीच झडती घेता येते. अंतरात शून्य येत असेल तर समायोजित पी ०.०५ च्या वर हवी, येत नसेल तर खाली. शेवटच्या ओळीत कुणी ०.०१२० च्या जागी ०.१२० वाचलं, तर ०.१७४ ते १.५५६ हे शून्याला न शिवणारं अंतर लगेच चूक दाखवतं. फरकाचा रकाना तर सरासऱ्यांची वजाबाकी करून पडताळता येतो: ५.५२६ उणे ४.६६१ म्हणजे ०.८६५. मात्र अंतर एका पद्धतीचं आणि पी दुसऱ्या पद्धतीची, असा मिश्र तक्ता कुणी बनवला असेल, तर ही परीक्षा फसते. तशा तक्त्यावर विसंबूच नये.

आता अर्थाकडे. पहिली ट्रीटमेंट कंट्रोलहून वेगळी दिसत नाही. दुसरीही कंट्रोलहून वेगळी दिसत नाही. पण त्या दोघी एकमेकींहून वेगळ्या आहेत. प्रबंधांच्या तक्त्यांत हे अक्षरांनी दाखवतात: दुसऱ्या ट्रीटमेंटपुढे a, कंट्रोलपुढे ab, पहिलीपुढे b. अक्षर सामायिक असलं की ‘फरक सिद्ध नाही’ असा त्याचा अर्थ. विद्यार्थी इथे हटकून अडखळतात, ‘अ आणि ब सारखे, ब आणि क सारखे, मग अ आणि क वेगळे कसे?’ चहाच्या तीन कपांत साखर थोडी थोडी वाढवत नेली, तर शेजारच्या दोन कपांतला फरक जिभेला कळत नाही, पण पहिला आणि तिसरा लगेच ओळखू येतो. कपात साखर तर तिन्हीकडे वेगवेगळीच होती. तक्त्यातला ‘एनएस’ हा शेराही ‘सारखे आहेत’ असं म्हणत नाही, ‘फरक दाखवता आला नाही’ एवढंच म्हणतो. मधल्या ओळीचं अंतर बघा: दुसरी ट्रीटमेंट कंट्रोलपेक्षा ०.१९७ ने कमी असू शकते, किंवा १.१८५ ने जास्त. हे १.१८५ म्हणजे कंट्रोलच्या सरासरीच्या जवळजवळ चोवीस टक्के. एवढी वाढ शक्यतेच्या कक्षेत असताना ‘परिणाम नाही’ असं लिहिणं चूक आहे.

महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत या जागी बहुधा ‘सीडी’, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, दिलेला असतो. पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकावर वाढलेल्या पिढ्यांना तो पाठ असतो. दोन सरासऱ्यांमधला फरक सीडीपेक्षा मोठा असला की सिग्निफिकंट. आपल्या आकडेवारीत पाच टक्क्यांचा सीडी येतो ०.५७२, तर ट्यूकींची मर्यादा ०.६९१. इथे दोन्हींचा निकाल एकच लागतो. आणि सीडीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की गट तीनच असतील आणि अ‍ॅनोव्हा सिग्निफिकंट आल्यावरच सीडी वापरला, तर एकूण चूक पाच टक्क्यांतच राहते. अडचण पुढे आहे. बारा वाणांची चाचणी घेऊन, सहासष्ट जोड्यांमधून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा वाण निवडून सीडी लावला, तर ती हमी उरत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न कोणता होता. प्रयोग सुरू करताना ‘कंट्रोलपेक्षा काय सरस?’ एवढंच विचारायचं ठरलं असेल, तर तिसरी जोडी आपल्या कामाचीच नाही. मग दोनच तुलना होतात आणि त्यासाठी डनेट यांची पद्धत आहे. ती लावली तर पी येतात साधारण ०.३२ आणि ०.१५. अ‍ॅनोव्हा सिग्निफिकंट आणि तरी कंट्रोलशी केलेली एकही तुलना सिग्निफिकंट नाही! यात विसंगती नाही. अ‍ॅनोव्हाला जो विखुरलेपणा जाणवला, त्याचा मोठा भाग एका ट्रीटमेंटने वजन खाली आणि दुसरीने वर नेल्यामुळे आलेला आहे. मात्र ट्यूकी, डनेट, सीडी असं सगळं करून बघायचं आणि जे आवडेल ते छापायचं, हा मार्ग बंद ठेवावा. पद्धत रोपं लावायच्या आधी ठरवायची असते.

फोटोत जे कधीच दिसत नाही तेही विचारून घ्यावं. इथे तीन गटांचं प्रमाणित विचलन ०.५८, ०.७९ आणि ०.४४ आहे. ते फार वेगळं असतं आणि गटांचे आकारही असमान असते, तर ट्यूकींची पद्धत डळमळली असती आणि गेम्स-हॉवेल पद्धतीकडे वळावं लागलं असतं. दहा रोपं खरोखर स्वतंत्र होती, की एकाच कुंडीतली, की एकच रोप दहा वेळा मोजलेलं, हे तर कोणताही तक्ता सांगत नाही.

तेव्हा निकालाच्या प्रकरणात लिहायचं ते इतकंच: ‘दुसऱ्या ट्रीटमेंटचं सरासरी वजन पहिल्यापेक्षा ०.८६५ ने जास्त आढळलं (९५ टक्के विश्वास-अंतर ०.१७ ते १.५६, ट्यूकी-समायोजित पी ०.०१२). कंट्रोलशी कोणत्याही ट्रीटमेंटचा फरक सिद्ध झाला नाही.’ रोपारोपांतला फरक एवढाच राहिला, तर कंट्रोलपासूनचा अर्ध्या एककाचा खरा फरक या पद्धतीने पाचपैकी चार वेळा पकडण्यासाठी प्रत्येक गटात तिसाहून जास्त रोपं लागतात. इथे होती दहा.