पाचशे लाइक, पण साड्या किती?

येवल्यातल्या एका पैठणी विक्रेतीचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. इन्स्टाग्रामवर तिचे 4,000 फॉलोअर्स. तिची एरवीची पोस्ट 1,000 जणांपर्यंत पोचते आणि लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह मिळून 60 प्रतिसाद येतात. मग एक पोस्ट तिने पैसे भरून बूस्ट केली. ती 20,000 जणांना दिसली आणि 500 प्रतिसाद आले.

प्रतिसादांना फॉलोअर्सनी भागलं, तर एंगेजमेंट रेट दीड टक्क्यावरून साडेबारा टक्क्यांवर जातो. तेच प्रतिसाद रीचने, म्हणजे पोस्ट दिसलेल्या माणसांच्या संख्येने भागले, तर तो सहा टक्क्यांवरून अडीचवर येतो. बूस्ट केलेली पोस्ट मुख्यतः फॉलोअर नसलेल्यांना दिसते. प्रतिसाद परक्यांचे आणि भागायचं मात्र आपल्या फॉलोअर्सनी, हा हिशेबच चुकीचा. अहवालात साडेबारा टक्के दिसले की आधी भाजक विचारावा. अडीच टक्केही अपयश नव्हे. अनोळखी माणूस ओळखीच्यापेक्षा कमीच बोलतो. बूस्टची तुलना बूस्टशीच, आणि रीचवरच करावी.

विक्री मात्र या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. समजा, तिने दोन पोस्टवर सारखेच पैसे घातले. मागावर धोटा फिरतानाच्या व्हिडिओला 500 प्रतिसाद, बहुतेक लाइक. मेसेज 6, ऑर्डर एकही नाही. दुसऱ्या पोस्टमध्ये पदराचा जवळून फोटो आणि खाली किंमत. प्रतिसाद 180, पण त्यात 30 सेव्ह; शिवाय मेसेज 22 आणि ऑर्डर 5. एंगेजमेंट रेट पाहून पुढचे पैसे ठरवले असते, तर ते व्हिडिओवर गेले असते.

यात बूस्ट करताना निवडलेल्या उद्दिष्टाचाही हात असतो. प्रतिसाद मागितले, तर यंत्रणा लाइक करायची सवय असलेली माणसं शोधते. मेसेज मागितले, तर मेसेज करणारी. लाइकला काहीच पडत नाही, म्हणून विक्रीची खूण म्हणून तो सर्वांत कच्चा. सेव्ह त्याहून बरा: लग्न दोन महिन्यांवर असलेली बाई साडी आज बाजूला ठेवते. त्याहून पक्की खूण मेसेजची, पण तीही पारखून घ्यावी. नुसतं ‘प्राइस?’ विचारून गायब होणारे पुष्कळ. उत्तर मिळाल्यावर ‘हाच रंग आहे का, पुण्याला कधी मिळेल’ असं विचारणारे वेगळे मोजावेत.

पाच ऑर्डर हा आकडा लहानच आहे. एखाद्या आठवड्यात तो योगायोगानेही येतो. शिवाय त्यातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या असतील, तर त्यांनी बूस्टशिवायही साडी घेतली असती. म्हणून काही आठवडे फक्त नाशिकमध्ये बूस्ट करावं, तेवढीच विक्री असलेलं दुसरं शहर वगळावं आणि दोन्हीकडच्या नव्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डर शेजारी शेजारी मांडाव्यात. फरक दिसला, तर तो बूस्टचा असण्याची शक्यता बरीच.