नको तिथे उगवणारं हाड

खुब्याचा सांधा बदलून महिना झाला. जखम भरली, वॉकर सुटला, पण पायात मोजा चढवायला गुडघा वर घ्यावा तर खुबा वाकेना. एक्स-रे काढला, तर सांध्याभोवतीच्या स्नायूंत ढगासारखी पांढरी छाया. ते कोवळं हाड असतं. ऑपरेशनच्या जखमेमुळे तिथल्या मूळपेशींना चुकीचे संकेत मिळतात आणि त्या स्नायूत हाड घडवू लागतात. डॉक्टर याला ‘हेटेरोटोपिक ऑसिफिकेशन’ म्हणतात.

ते किती वाढलंय, हे १९७३ साली ब्रूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या चार पायऱ्यांवरून ठरतं. पहिलीत हाडाची सुटी बेटं दिसतात. दुसरीत कमरेच्या किंवा मांडीच्या हाडातून सुळके निघतात, पण समोरासमोरच्या टोकांत निदान एक सेंटिमीटर अंतर राहतं. तिसरीत ते त्याहून कमी होतं. चौथीत दोन्ही बाजू जुळल्यासारख्या दिसतात. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. हालचाल अडते ती पुढच्या दोन पायऱ्यांवर.

समजा, पंचेचाळिशीतल्या एका पुरुषाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. उजवा खुबा बदलल्यावर तिथे तिसऱ्या पायरीपर्यंत हाड वाढलं होतं, आणि आता डावा बदलायचा आहे. धोका वाढवणाऱ्या तीन गोष्टी इथे एकत्र आल्या: पुरुष असणं, हा आजार आणि सगळ्यात मोठी म्हणजे आधीच्या खुब्याचा अनुभव. अशा माणसाला इंडोमेथासिनच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, साधारण तीन ते सहा आठवडे देतात. पण त्याला पूर्वी पोटात अल्सर झाला असेल, तर याच गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडं कमजोर असली तरी त्या टाळाव्या लागतात. मग किरणोपचाराचा एकच डोस, ७ ते ८ ग्रे, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा नंतरच्या तीन दिवसांत देतात. हा मुहूर्त चुकला, तर फारसा उपयोग नाही. एक्स-रेत हाड दिसू लागल्यावर ते विरघळवणारी गोळीही नाही.

डोक्याला जबर मार लागलेल्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. तिथे खुब्यावर ऑपरेशन झालेलं नसतानाही, लांबलेली बेशुद्धी आणि स्नायूंचा ताठरपणा यांच्या सोबतीने खुबा किंवा कोपर आखडू लागतं. सुरुवातीला जागा गरम होते, सुजते. पायाच्या शिरेत गुठळी झाली की काय, अशी शंका येते, आणि ती सोनोग्राफीने आधी तपासायलाच हवी. साधा एक्स-रे पहिले काही आठवडे कोरा असू शकतो. बोन स्कॅनमध्ये मात्र हे आधी कळतं. अशा रुग्णांना सरसकट गोळ्या द्याव्यात का, यावर अजून एकमत नाही.

हाड काढायचंच झालं, तर ते पक्व झाल्यावरच काढतात, आणि ते पुन्हा येऊ नये म्हणून गोळ्या किंवा किरण पुन्हा द्यावे लागतात. म्हणून दुसऱ्या खुब्याच्या ऑपरेशनला जाताना पहिल्या खुब्याचे एक्स-रे सोबत न्या आणि पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा.