हजेरीतला लाल चौकोन

आस्थापना शाखेत नव्याने रुजू झालेल्या लिपिकासमोर पहिल्याच महिन्यात हजेरीचा डॅशबोर्ड येतो. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ, त्या ओळीत तारखेमागून तारीख आणि प्रत्येक तारखेला एक रंगीत चौकोन. रंग प्रत्येक कार्यालयाच्या प्रणालीनुसार बदलतात, म्हणून तळाची रंगसूची आधी पाहावी. सर्रास दिसणारी पद्धत अशी: हिरवा म्हणजे वेळेत हजर, पिवळा म्हणजे उशीर, नारिंगी म्हणजे दिवसभरात एकच पंच, निळा म्हणजे मंजूर रजा, राखाडी म्हणजे सुट्टी आणि लाल म्हणजे गैरहजर.

हा शेवटचा अर्थच नीट समजून घ्यायला हवा. यंत्राला माणूस दिसत नाही, नोंद दिसते. त्या तारखेला पंच नाही आणि मंजूर रजाही नाही, एवढंच लाल चौकोन सांगतो. माणूस घरी होता की फिरतीवर, हे आपल्याला शोधावं लागतं.

एक ओळ वाचून पाहू. कामाचे दिवस 22. हिरवे 16, पिवळे 2, नारिंगी 1, निळा 1, लाल 2. वरवर पाहता दोन दिवसांचा पगार कापावा लागेल. पण पहिल्या लाल तारखेला हालचाल नोंदवहीत ‘जिल्हाधिकारी कार्यालय, बैठक’ अशी साहेबांच्या सहीची नोंद सापडते. फिरतीची ती नोंद प्रणालीत चढवायची राहून गेली होती. दुसऱ्या तारखेचा किरकोळ रजेचा अर्ज वेळेत आला होता, पण मंजुरीसाठी अजून पडून आहे. तो मंजूर झाला की चौकोन निळा होईल. म्हणजे खरी गैरहजेरी शून्य.

नारिंगी चौकोनावर टिचकी मारली की वेळ दिसते: आत 9.41, बाहेर रिकामं. कार्यालयाची वेळ 9.45 ते 6.15, म्हणजे सकाळी माणूस वेळेत आला होता. जाताना बोट लावायचं राहिलं की बोटाचा ठसा उमटलाच नाही, हे त्यालाच विचारावं आणि शाखाप्रमुखांच्या शेऱ्यासह दुरुस्ती करून घ्यावी. एकाच दिवशी अनेकांच्या ओळी नारिंगी किंवा लाल दिसल्या, तर चौकशी माणसांची नव्हे, यंत्राची करावी. त्या दिवशी वीज किंवा नेट गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

पिवळ्याचा हिशेब मात्र रंगावरून करू नये. किती मिनिटांची सवलत आणि किती उशिरांना किती रजा कापायची, हे आपल्या कार्यालयाच्या आदेशात पाहावं. राखाडीकडेही लक्ष असू द्यावं: अर्जित रजेच्या मध्ये आलेले शनिवार-रविवार पडद्यावर सुट्टी दिसले, तरी रजेच्या हिशेबात धरले जातात.

हे सगळं पगार बिलाआधी उरकावं लागतं. बिल महिना संपण्यापूर्वीच तयार होतं, त्यामुळे उरलेल्या तारखा तेव्हा कोऱ्याच असतात. त्या दिवसांतली गैरहजेरी पुढच्या बिलात वळती करायची असते, म्हणून बिल करताना कोऱ्या तारखा वेगळ्या लिहून ठेवाव्यात.