प्रत्येक मांडणी किती वेळा मोजली गेली?

वर्गातल्या १० मुलांमधून एक प्रमुख आणि एक उपप्रमुख नेमायचा असेल, तर प्रमुख १० प्रकारे ठरतो आणि तो ठरल्यावर उपप्रमुख उरलेल्या ९ मुलांमधून. एकूण प्रकार ९०. त्याच १० मुलांमधून स्पर्धेला दोघांना पाठवायचे असेल, तर मात्र उत्तर ४५ येते. मुले तीच, निवडायची संख्याही तीच, तरी उत्तर निम्मे. पहिल्या उदाहरणात दोघांची अदलाबदल केली की वेगळी नेमणूक होते. दुसऱ्यात तीच जोडी पुन्हा समोर येते. अकरावीच्या क्रमचय व समचय या प्रकरणातले कोणतेही शाब्दिक उदाहरण हाती घेतले की पहिली परीक्षा हीच. निवडलेल्यांपैकी दोघांची जागा बदलून पाहायची. उत्तर बदलले तर ती मांडणी, म्हणजे क्रमचय. न बदलले तर ती निवड, म्हणजे समचय.

९० ला २ ने भागले की ४५ येतात, यामागचे कारण सूत्रापेक्षा महत्त्वाचे आहे. क्रम लावून मोजताना प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली होती, म्हणून २ ने भागले. तिघांची निवड असती तर प्रत्येक त्रिकूट ३! म्हणजे ६ वेळा मोजले गेले असते आणि ६ ने भागावे लागले असते. समचयाच्या सूत्रात छेदात r! येतो तो याच कारणाने.

अक्षरांच्या उदाहरणांतही हाच विचार चालतो. ‘सरसकट’ या शब्दाची अक्षरे किती प्रकारे लावता येतील? अक्षरे पाच आहेत, म्हणून घाईने ५! म्हणजे १२० असे उत्तर लिहिले जाते. पण त्यात ‘स’ दोनदा आला आहे. दोन्ही ‘स’ एकमेकांच्या जागी ठेवले तरी वाचणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणजे प्रत्येक मांडणी दोनदा मोजली गेली. खरे उत्तर ६०. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे, त्यात नेमका हाच नियम अंकांसाठी दिलेला आहे. ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी संख्या किती होतील, असा तिथला एक प्रश्न आहे. तीन पाच सारखेच असल्याने १२० ला ३! ने भागायचे; उत्तर २०. तीन सारख्या वस्तूंसाठी ३ ने भागणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्या तीन जागांवर पाचाचे अंक आपापसांत सहा प्रकारे बसू शकतात, म्हणून भाजक ६ आहे.

आता ‘सरसकट’वर एक अट घालू या: दोन्ही ‘स’ शेजारी येता कामा नयेत. अशा वेळी ज्यांच्यावर अट नाही ती अक्षरे आधी लावून घ्यावीत. र, क, ट ही तीन वेगळी अक्षरे ६ प्रकारे लागतात. त्यांच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या मिळून ४ जागा मोकळ्या राहतात, आणि त्यांपैकी कोणत्याही दोन जागी एकेक ‘स’ बसवला की अट आपोआप पाळली जाते. इथे ४ × ३ = १२ करायचे की C(४, २) = ६? दोन्ही ‘स’ सारखे असल्यामुळे जागा फक्त निवडायच्या आहेत, म्हणून ६. उत्तर ६ × ६ = ३६. पडताळा उलट बाजूने घेता येतो. दोन्ही ‘स’ एकत्र बांधून एकच वस्तू मानली तर चार वस्तू २४ प्रकारे लागतात, आणि ६० − २४ = ३६.

सर्वाधिक गुण जातात ते ‘किमान’ या शब्दापाशी. नेहमीच्या धाटणीचे एक उदाहरण: ६ पुरुष आणि ४ स्त्रिया यांच्यामधून पाच जणांची समिती निवडायची आहे आणि तिच्यात किमान २ स्त्रिया हव्यात. अनेकांना पटकन सुचणारा मार्ग असा: आधी दोन स्त्रिया निवडून अट पुरी करावी, C(४, २) = ६; मग उरलेल्या आठ जणांमधून कोणतेही तिघे घ्यावेत, C(८, ३) = ५६. गुणाकार ३३६. विचार अगदी सरळ वाटतो, पण १० जणांमधून पाच जणांच्या समित्या होतात त्याच मुळी २५२. अट घातल्यावर संख्या वाढली, म्हणजे मोजणीत काहीतरी बिघडले आहे.

बरोबर मोजणी प्रकार वेगळे करून होते. नेमक्या दोन स्त्रिया असतील तर ६ × २० = १२०, तीन असतील तर ४ × १५ = ६०, चारही असतील तर १ × ६ = ६. एकूण १८६. मग ३३६ कुठून आले? समजा सुमन, लता आणि मीना या तिघी दोन पुरुषांसह समितीत आहेत. पहिल्या मार्गात ही समिती तीनदा मोजली गेली: सुमन-लता आधी आणि मीना नंतर, सुमन-मीना आधी आणि लता नंतर, लता-मीना आधी आणि सुमन नंतर. चार स्त्रियांची समिती तर सहा वेळा मोजली गेली, कारण चौघींमधून ‘आधीच्या दोघी’ सहा प्रकारे ठरतात. दोन स्त्रियांच्या समित्या तेवढ्या एकेकदाच आल्या. १२० × १ + ६० × ३ + ६ × ६ = ३३६, चूक अंकाअंकाने जुळते. आणि इथे भागाकारही मदतीला येत नाही, कारण सगळ्या समित्या सारख्याच वेळा मोजल्या गेलेल्या नाहीत. ‘सरसकट’मध्ये प्रत्येक मांडणी दोनदाच येत होती, म्हणून २ ने भागणे चालले. असा समान हिशेब नसेल, तर प्रकार वेगळे करण्याला पर्याय नाही.

किंवा नको असलेले वजा करावे. एकही स्त्री नसलेल्या समित्या C(६, ५) = ६; एकच स्त्री असलेल्या ४ × १५ = ६०. २५२ − ६६ = १८६. ‘किमान १’ अशी अट असेल तर हा मार्ग फार सोपा, कारण एकच प्रकार वजा करावा लागतो. किती प्रकार हवेत आणि किती नकोत हे आधी बोटांवर मोजावे आणि ज्या बाजूला कमी, ती बाजू धरावी.

याच समितीतून पुढे अध्यक्ष आणि सचिव निवडायचे असतील, तर निवड आणि मांडणी एकाच उदाहरणात येतात. आधी समिती ठरू द्यावी, मग पदे वाटावीत: प्रत्येक समितीत अध्यक्ष ५ प्रकारे, सचिव ४ प्रकारे, म्हणून १८६ × २० = ३७२०.

रीत बरोबर आहे की नाही अशी शंका आली, तर संख्या लहान करून यादी लिहून पाहावी. एक पुरुष, दोन स्त्रिया, दोघांची निवड, किमान एक स्त्री: यादीत तीनच जोड्या बसतात, आणि घाईची रीत २ × २ = ४ सांगते. दोन्ही स्त्रियांची जोडी तिने दोनदा मोजलेली असते. परीक्षेत अशी यादी करायला मिनिटभरही लागत नाही.