‘द्वारे’ काढा, वाक्य मोकळं होईल

‘समितीद्वारे अहवाल सादर केला गेला.’ व्याकरण चुकलेलं नाही, तरी वाक्य इंग्रजीतून आलंय हे लगेच कळतं. इंग्रजीत कर्म पुढे आणायचं तर क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. मराठीत ‘समितीने अहवाल सादर केला’ म्हटलं की क्रियापद आपोआप अहवालाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. अहवालावर भर हवा? ‘अहवाल समितीने सादर केला’. शब्दक्रम बदलला की काम झालं.

म्हणून संपादन करताना आधी ‘द्वारे’ आणि ‘गेला-गेली’ शोधावेत. कर्ता माहीत असेल तर ‘ने’ लावावा. नसेल तर ‘दुकान बंद केले गेले आहे’ऐवजी ‘दुकान बंद आहे’ पुरतं. मात्र ‘चोर पकडला गेला’ अस्सल मराठीच. त्याला हात लावू नये.